ओपीसीची उलाढाल दोन कोटींवर गेली, आता प्रायव्हेट लिमिटेड करावीच लागेल का?

प्रश्न: माझी ओपीसी, म्हणजे एकट्या माणसाची कंपनी, आहे. चिंचवडला छोटं ऑफिस, चाकणच्या कारखान्यांना मशीन मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर देतो. सभासद मी एकटाच, संचालकही मीच. यंदा उलाढाल २ कोटी ३० लाखांवर जाईल. ओळखीतले एक जण म्हणाले की दोन कोटी ओलांडले की सहा महिन्यांत प्रायव्हेट लिमिटेड करावीच लागते. खरं का? आणि नॉमिनी म्हणून न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाचं नाव दिलंय. चालेल का? माझं काही बरंवाईट झालं तर कंपनी त्याची होते का? घरी बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई आहे.

उत्तर:

दोन कोटींची चिंता सोडून द्या. ती अट आज कायद्यात नाही. तुमच्या प्रश्नातला गंभीर भाग शेवटच्या दोन ओळींत आहे आणि माझं बरंचसं उत्तर त्यावरच असेल. आधी उलाढालीचं संपवू.

२०१३च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसाच्या कंपनीची सोय केली, तेव्हा तिला एक छप्पर घातलं होतं. भरणा झालेलं भागभांडवल ५० लाखांच्या वर गेलं किंवा सरासरी वार्षिक उलाढाल २ कोटींच्या वर गेली, तर सहा महिन्यांत प्रायव्हेट किंवा पब्लिक कंपनीत रूपांतर करणं सक्तीचं होतं. तेव्हासुद्धा ही सरासरी लागोपाठच्या तीन आर्थिक वर्षांची धरायची होती. एखादं वर्ष चांगलं गेलं म्हणून लगेच धावपळ करण्याची गरज तेव्हाही नव्हती. १ एप्रिल २०२१पासून नियमांत दुरुस्ती झाली आणि दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. स्थापनेनंतर दोन वर्षं स्वेच्छेने रूपांतर करता येत नसे, ती अटही त्याच दिवशी गेली. तेव्हा तुमची उलाढाल २ कोटी ३० लाख होवो की २० कोटी, केवळ आकड्यामुळे तुम्हाला कुणी रूपांतर करायला लावू शकत नाही. जुनी माहिती अजून फिरते आहे, कारण अनेक ठिकाणी ती कुणी बदललेलीच नाही. वाचताना एक खूण लक्षात ठेवा. मजकुरात INC-5 हा फॉर्म भरा असं लिहिलं असेल, तर तो २०२१च्या आधीचा समजा. मर्यादा ओलांडल्याची सूचना त्या फॉर्मने देत असत आणि मर्यादेबरोबर तो फॉर्मही गेला.

भाऊ न्यू जर्सीत आहे म्हणून नॉमिनी होऊ शकत नाही, असं नाही. त्याच दुरुस्तीने निवासाची अट काढली. आता सभासद आणि नॉमिनी दोघेही भारतीय नागरिक असले की पुरे, राहतात कुठे याला महत्त्व नाही. पण नागरिक हा शब्द नीट तपासा. भावाकडे ग्रीन कार्ड असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल, तर तो पात्र आहे. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल आणि हाती ओसीआय कार्ड असेल, तर तो भारतीय नागरिक राहत नाही आणि तुमचा नॉमिनी म्हणून पात्रही ठरत नाही. ओसीआय म्हणजे एक प्रकारचं दुहेरी नागरिकत्वच, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. तुमचा नॉमिनी पाच वर्षांपूर्वी पात्र होता आणि आज नाही, असं सहज होऊ शकतं आणि कंपनीच्या कागदांत त्याचा मागमूसही दिसत नाही. भावाला आजच फोन करून पासपोर्ट कुठला आहे ते विचारा.

आता नॉमिनी म्हणजे नेमकं कोण, ते पाहू. तुम्ही हयात आणि सक्षम असेपर्यंत नॉमिनीला कंपनीत काहीही स्थान नाही. त्याच्याकडे एकही शेअर नाही, सहीचा अधिकार नाही, नफ्यात वाटा नाही आणि कर्जाची जबाबदारीही नाही. कंपनीच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे मेमोरँडममध्ये, त्याचं नाव आहे आणि INC-3 या फॉर्मवर त्याची लेखी संमती आहे, एवढंच. तुमचा मृत्यू झाला किंवा तुम्ही करार करण्यास असमर्थ झालात, की तो कंपनीचा सभासद होतो. तोपर्यंत तो संमती मागेही घेऊ शकतो. त्याने तसं लेखी कळवलं, तर १५ दिवसांत तुम्ही दुसरा नॉमिनी नेमायचा आणि कंपनीने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत INC-4 भरून कंपनी निबंधकांना कळवायचं. तुम्हाला स्वतःहून नॉमिनी बदलायचा असेल, तर नव्या माणसाची INC-3 घ्या, कंपनीला लेखी कळवा आणि ३० दिवसांत INC-4 भरा. कारण देण्याची गरज नाही. हा बदल मेमोरँडमची दुरुस्ती धरला जात नाही, म्हणून काम सोपं आहे.

‘करार करण्यास असमर्थ’ या शब्दांशी जरा थांबा. मृत्यूचा दाखला मिळतो, असमर्थतेचा कोण देणार? पक्षाघात होऊन माणूस आयसीयूत पडला, शुद्ध नाही, तर त्या दिवशी तो असमर्थ झाला की नाही, यावर घरातच वाद होऊ शकतो. मी माझ्या अशिलांच्या कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, यासाठी एक कलम घालते. दोन डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र, त्यातला एक त्या आजाराचा तज्ज्ञ, आणि इतके दिवस अवस्था कायम राहिल्यास असमर्थता धरावी, असं त्यात लिहिते. वाद कोर्टात गेलाच तर शेवटचा शब्द कोर्टाचा, हे खरं. पण तुम्ही स्वतः शुद्धीत असताना काय ठरवलं होतं, ते तरी कागदावर राहतं.

आता कंपनी भावाची होते का? सभासद तो होतो, कंपनीच्या नोंदवहीत नाव त्याचं लागतं आणि त्या शेअर्सवरचे हक्क कंपनीपुढे तोच बजावतो. पण शेअर्सचा खरा मालक कोण, हे वारसा कायदा किंवा तुमचं मृत्युपत्र ठरवतं, असंच मी धरून चालते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या नामनिर्देशनाबद्दल हेच सांगितलं की नॉमिनेशनमुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही आणि नॉमिनी पूर्ण मालक होत नाही. तो निकाल ओपीसीच्या कलमावरचा नव्हता, इतर कंपन्यांच्या शेअर्सबद्दलचा होता. तरी तुमच्या घरच्यांच्या वकिलाच्या हातात पहिला कागद तोच असेल.

तुमच्याच घराचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे प्रत्येकी १० रुपयांचे १०,००० शेअर्स आहेत, मृत्युपत्र नाही आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे. तुमच्यामागे बायको, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गाच्या वारस, प्रत्येकीला तिसरा हिस्सा. भाऊ पहिल्या वर्गात येतच नाही. म्हणजे ज्याचा शेअर्सवर वारस म्हणून काहीही हक्क नाही, तो कंपनीचा एकमेव सभासद झालेला असेल आणि ज्यांचा हक्क आहे त्या तिघींचं नाव नोंदवहीत कुठेच नसेल. भाऊ सरळ असेल तर तो वाट काढेल. पण तो सरळ असला तरी तिघींची नावं एका ओपीसीत लागू शकत नाहीत, कारण तिथे सभासद एकच. शिवाय मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, आहे. नियम असा की अज्ञान व्यक्ती ओपीसीची सभासद किंवा नॉमिनी होऊ शकत नाही आणि तिला त्या शेअर्सवर लाभाचा हक्कसुद्धा धरता येत नाही. सभासद म्हणून नाव काकाचं आणि खरा हिस्सा पुतणीचा, हा सोयीचा वाटणारा मार्गसुद्धा बंद आहे. अशा घरात मृत्यूनंतर कंपनीचं प्रायव्हेट लिमिटेडमध्ये रूपांतर करावंच लागतं. सक्तीची जी परिस्थिती तुम्ही उलाढालीत शोधत होता, ती इथे दडलेली आहे.

म्हणून मी तुम्हाला भावाच्या जागी बायकोचं नाव नॉमिनी म्हणून सुचवीन. सोबत मृत्युपत्र करा आणि त्यात कंपनीचे सर्व शेअर्स बायकोलाच द्या. आईची आणि मुलीची सोय दुसऱ्या मालमत्तेतून करा, घर, ठेवी, विमा, जे असेल त्यातून. असं केलं की सभासद आणि मालक एकच व्यक्ती राहते, अज्ञान वारसाचा प्रश्न उद्भवत नाही आणि तिला हवी तितकी वर्षं ओपीसी चालवता येते. एक तपासून घ्या. बायकोची स्वतःची ओपीसी आहे का, किंवा ती दुसऱ्या कुणाच्या ओपीसीत नॉमिनी आहे का? एका माणसाला एकाच वेळी दोन ओपीसींत सभासद राहता येत नाही आणि दोन ठिकाणी नॉमिनीही होता येत नाही. तिची स्वतःची ओपीसी असेल आणि नॉमिनी म्हणून तुमचीही तिच्याकडे आली, तर १८० दिवसांत दोन्हीपैकी एकीतून सभासदत्व सोडायचं किंवा एकीचं रूपांतर करायचं.

पण नॉमिनी योग्य निवडला तरी एक खड्डा उरतो. तुम्ही लिहिलंत की संचालकही तुम्हीच एकटे आहात.

काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरच्या एका अशिलाचं अचानक निधन झालं. मशीनचे सुटे भाग बनवण्याचं काम, अकरा कामगार, ओपीसी, तोच सभासद आणि तोच संचालक. नॉमिनी पत्नी होती, कागद व्यवस्थित होते. कायद्याने ती सभासद झाली होती, पण सभासद होणं आणि कंपनी चालवता येणं यांत अंतर असतं. बँक खात्यावर सही एकाच माणसाची होती, तो गेला. बँकेने नव्या संचालकाचा ठराव आणि निबंधकांकडची नोंद मागितली. निबंधकांकडे नोंद करायची तर पोर्टलवरचा फॉर्म कंपनीच्या संचालकाच्या डिजिटल सहीने जातो आणि संचालक एकही उरला नव्हता. ताईंकडे संचालकाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, नव्हता, डिजिटल सही नव्हती. मृत्यूचा दाखला, पत्रं, आकुर्डीच्या निबंधक कार्यालयात फेऱ्या, पुन्हा पत्रं. खात्यात पैसे असून दोन महिने पगार झाले नाहीत आणि चार माणसं काम सोडून गेली. जीएसटी आणि टीडीएसच्या तारखा उलटल्या, त्या वेगळ्याच. हे सगळं तेराव्याच्या आत सुरू झालं होतं. तेव्हापासून मी एकसंचालकी ओपीसी करून देताना अशिलाला हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

उपाय साधा आहे. ओपीसीत सभासद एकच लागतो, संचालक मात्र १५पर्यंत असू शकतात. बायकोला आत्ताच दुसरी संचालक करा. तिचा डीआयएन आणि डिजिटल सही काढा, संचालक नेमल्याचा DIR-12 फॉर्म भरा आणि बँकेत स्वतंत्रपणे सही करण्याचा अधिकार द्या. एकही शेअर द्यावा लागत नाही. याची किंमत एवढीच की एकच संचालक असताना तुम्हाला बोर्डाची बैठक घ्यावी लागत नव्हती, ती आता वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक घ्यावी लागेल, दोन बैठकांमध्ये किमान ९० दिवसांचं अंतर ठेवून. आणि संचालकाची कायदेशीर जबाबदारी तिच्यावरही येईल. ती नुसती नावापुरती नाही हे तिला समजावून सांगा आणि हिशेब दाखवत जा.

तसा प्रसंग आलाच तर नव्या सभासदासाठी मुदती लहान आहेत. सभासद झाल्यापासून १५ दिवसांत तिने स्वतःचा नॉमिनी नेमायचा आणि सभासदत्वातला बदल व नवं नामनिर्देशन कंपनीने ३० दिवसांत INC-4 भरून कळवायचं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही. या मुदती एका पानावर लिहून मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा.

तुमच्या हयातीत रूपांतराची वेळ कधी येईल? व्यवहारात तिची कारणं थोडी आहेत. तुम्हाला दुसऱ्या कुणाला एक जरी शेअर द्यायचा असेल, मग तो गुंतवणूकदार असो, भागीदार असो वा ज्याला धरून ठेवायचं आहे असा जुना सहकारी, तर ओपीसी त्या क्षणी अपुरी पडते. दुसऱ्या कंपनीला तुमच्यात पैसे घालायचे असतील तरीही तेच, कारण ओपीसीचा सभासद हाडामांसाचा माणूसच हवा. वित्तपुरवठा करण्याचा किंवा इतर कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवणूक करण्याचा धंदा ओपीसीला करता येत नाही. आणि उद्या तुम्ही स्वतः दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणार असाल, तर ते हाती पडण्याआधी रूपांतर पुरं करून घ्या.

समजा पुढच्या वर्षी तुम्ही तुमच्या मुख्य प्रोग्रॅमरला पाच टक्के, म्हणजे ५०० शेअर्स द्यायचे ठरवलेत. ओपीसीत सर्वसाधारण सभा नसते. तुम्ही सभासद म्हणून ठराव लिहिता, इतिवृत्ताच्या वहीत नोंदवता, सही आणि तारीख घालता, ती तारीख म्हणजेच सभेची तारीख. या ठरावाने मेमोरँडममधून नॉमिनीचं कलम आणि नावातलं ओपीसी काढायचं. प्रायव्हेट कंपनीची आर्टिकल्स स्वीकारायची. ठराव MGT-14 भरून ३० दिवसांत कळवायचा. दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. बायको आधीच संचालक असेल तर निम्मं काम झालेलं असतं. मग रूपांतराचा अर्ज, INC-6. त्याला बदललेलं मेमोरँडम आणि आर्टिकल्स, ठरावाची प्रत, प्रस्तावित सभासद व संचालकांची यादी संमतीसह, धनकोंची यादी आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद जोडायचा. निबंधकांचं समाधान झालं की नवं प्रमाणपत्र येतं आणि कंपनीच्या ओळख क्रमांकातली, म्हणजे सीआयएनच्या मधली, OPC ही अक्षरं जाऊन PTC होतात.

जुनी कर्जं, करार, देणी सगळी जशीच्या तशी कंपनीवर राहतात, कलम १८ तसं स्पष्ट सांगतं. त्रास होतो तो नावाचा. पॅनचा नंबर तोच राहतो, पण त्यावरचं नाव बदलून घ्यावं लागतं, आणि ते झाल्यावरच जीएसटीच्या नोंदणीत नवं नाव चढतं. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत तुमचा व्हेंडर कोड जुन्या नावावर असणार. बिलावर एक नाव आणि त्यांच्या सिस्टिममध्ये दुसरं असलं की पैसे अडकतात. म्हणून रूपांतर फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका. वर्षअखेरीच्या बिलांच्या गर्दीत कुणी तुमचं नाव बदलून देत नाही. जून-जुलै बरा, ताळेबंदही तोवर हाती असतो.

आणि आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. रूपांतर झालं की मेमोरँडममधला तुमचा नॉमिनी संपतो. बायकोचं नाव आपोआप पुढे येत नाही. तुमच्या उरलेल्या ९,५०० शेअर्ससाठी SH-13 हा फॉर्म भरून कंपनीकडे नव्याने नामनिर्देशन करावं लागतं. ते राहिलं आणि त्या दोघांतला एक सभासद गेला, तर कंपनीत एकच सभासद उरतो. कलम ३ए प्रमाणे प्रायव्हेट कंपनी दोनपेक्षा कमी सभासदांवर सहा महिन्यांहून अधिक काळ चालली, तर हे माहीत असलेला उरलेला सभासद त्या सहा महिन्यांनंतर झालेल्या देण्यांना व्यक्तिशः जबाबदार ठरतो. म्हणजे तुमच्या वारसांचे कागद वेळेत झाले नाहीत, तर तुमच्या प्रोग्रॅमरच्या घरादारावर ते येऊ शकतं. नवं प्रमाणपत्र हाती पडेल त्याच दिवशी SH-13 भरा, तुमचाही आणि त्याचाही.